"सदर विषय कंपनीशी संबंधित": खाडीकाठच्या एका रस्त्याचं प्रकरण

कोकण विभागातल्या खाडीकाठच्या एका महापालिकेत, सचिव विभागात, माझी नोकरी झाली. विषयपत्रिका लावायची, गोषवारे जोडायचे, नगरसेवकांचे लेखी प्रश्न खात्यांकडे पाठवायचे, आलेली उत्तरं सभेपुढे ठेवायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. प्रश्नाला उत्तर न देण्याच्या बऱ्याच रीती मी त्या टेबलावर पाहिल्या होत्या. पण 2019 च्या पावसाळ्यात एका नगरसेविकेच्या प्रश्नावर बांधकाम खात्याकडून जे उत्तर आलं, तसं आधी कधी आलं नव्हतं. "सदर विषय कंपनीशी संबंधित आहे. सबब या विभागाची माहिती निरंक."

प्रश्न साधा होता. त्यांच्या प्रभागात कोळीवाड्यालगतचा रस्ता नव्याने झाला होता. फूटपाथ, दिवे, बसायला बाकं आणि रस्त्याच्या कडेने काँक्रीटचं बंदिस्त गटार, असं सगळं काम स्मार्ट सिटी कंपनीने केलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या गल्लीत पाणी भरलं. त्या गल्लीत त्याआधी इतकं पाणी कधी साचलं नव्हतं. ताईंनी विचारलं होतं की, या गटाराच्या तळाची पातळी कोणी ठरवली, कोणी तपासली आणि ठेकेदाराचं बिल अदा झालं आहे काय?

हे तीन प्रश्न महापालिकेच्या स्वतःच्या कामाबद्दल असते, तर दोन दिवसांत उत्तर तयार झालं असतं. आमच्याकडे रस्ता होतो तो असा. आधी अंदाजपत्रकात तरतूद लागते. मग शहर अभियंता अंदाज तयार करतात, त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते आणि मोठ्या रकमेचा ठेका असेल तर विषय गोषवाऱ्यासह 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येतो. गोषवाऱ्यात कामाचं वर्णन, रक्कम आणि ठेकेदाराचा दर असतो. तिथे एखादा सदस्य उठून "या गल्लीचं पाणी कुठे सोडणार?" असं विचारतो आणि अभियंत्याला उभं राहून सांगावं लागतं. ही पद्धत निर्दोष नव्हती. विषय तहकूब ठेवून कामं अडकवली जात, का अडकतात हेही सगळ्यांना ठाऊक असे, आणि एकेका पुलाची फाइल दोन-दोन वर्षं फिरलेली मी स्वतः पाहिली आहे. एसपीव्हीच्या, म्हणजे खास एका कामासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या, बाजूने बोलणारे याच दुखण्याकडे बोट दाखवायचे. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही.

जून 2015 मध्ये केंद्राने स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट होती: पैसा महापालिकेला मिळणार नाही. त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका यांचं भांडवल समसमान. केंद्र पाच वर्षांत 500 कोटी देणार, तेवढीच रक्कम राज्य आणि महापालिकेने मिळून घालायची. त्यातले 250 कोटी आमच्या महापालिकेने घालायचे होते. कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि वर संचालक मंडळ.

सूचनांमधलं सगळ्यात वजनदार वाक्य मात्र पैशाबद्दलचं नव्हतं. प्रकल्पापुरते महापालिकेचे हक्क आणि जबाबदाऱ्या कंपनीकडे सोपवाव्यात, आणि पालिका कायद्याखालचे निर्णयाचे अधिकार कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे द्यावेत, असं त्यात सुचवलं होतं. नगरविकास खात्याकडे असलेले मंजुरीचे अधिकार संचालक मंडळाकडे द्यायचे होते. म्हणजे सभागृहाचा अधिकार एका अधिकाऱ्याकडे आणि मंत्रालयाचा अधिकार मंडळाकडे. नगरसेवकांना कंपनीत किती खुर्च्या मिळणार यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. या वाक्यावर जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

ज्या सभेत आमच्या सभागृहाने कंपनीला मान्यता दिली, तिचं इतिवृत्त मीच लिहिलं आहे. सभा रात्री उशिरापर्यंत चालली. दोन्ही बाकांवरचे सदस्य तावातावाने बोलले आणि शेवटी उपसूचनेसह ठराव मंजूर झाला. उपसूचनेत तीन अटी होत्या. प्रत्येक प्रकल्पाचा आराखडा आधी सर्वसाधारण सभेपुढे यावा. ठरावीक रकमेवरच्या निविदा स्थायी समितीने मंजूर कराव्यात. आणि सभेच्या परवानगीशिवाय कंपनीने कोणताही कर वा आकार बसवू नये. सदस्य समाधानाने घरी गेले. मलाही वाटलं होतं की सभागृहाने लगाम हातात ठेवला.

काही महिन्यांनी कंपनीची नोंदणी झाली. कंपनी चालते ती तिच्या नियमावलीवर, ज्याला आर्टिकल्स ऑफ असोसिएशन म्हणतात. नियमावलीचा मसुदा राज्याकडून ठरून आला होता. त्यात आमच्या पहिल्या दोन अटी नव्हत्या. तिसरी तेवढी टिकली, कारण कर-आकारासाठी महापालिकेची मुभा लागेल असं केंद्राच्या सूचनांतच होतं. महापालिकेचा ठराव महापालिकेच्या प्रशासनाला बांधतो. वेगळ्या कायद्याखाली जन्मलेल्या कंपनीला तो बांधत नाही, तिला तिची नियमावली बांधते. ज्या दिवशी ठराव झाला त्याच दिवशी "या अटी नियमावलीत आल्याशिवाय भागभांडवलाचा पहिला हप्ता सोडू नये" एवढं एक वाक्य त्यात असतं, तर सभागृहाच्या हातात खरोखर काही उरलं असतं. ते सुचायला आम्हाला रस्त्याचं प्रकरण घडावं लागलं. सचिव विभागातल्या माणसाला ते आधी सुचायला हवं होतं, ही खंत मला अजून आहे.

आता त्या गटाराकडे येतो.

खाडीकाठच्या शहरात पावसाचं पाणी नुसत्या उताराने जात नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. त्या दोन-तीन तासांत नाल्याचं तोंड जवळपास बंद होतं, कधी खाडीचंच पाणी आत शिरतं. जोरदार पाऊस आणि उधाण एका वेळी आले की सगळं गणित बिघडतं. म्हणून गटाराचं तोंड कुठल्या पातळीवर ठेवायचं हा इथला कळीचा प्रश्न असतो. तोंड खाली ठेवलं तर भरतीचं पाणी आत येतं, आणि ते अडवायला झडप बसवावी लागते. झडपेत गाळ आणि प्लास्टिक अडकतं, म्हणजे ती साफ करायला माणूस हवा. तोंड वर घेतलं तर झडपेचा त्रास जातो, पण मागचं सगळं गटार तेवढंच वर येतं.

कंपनीच्या सल्लागाराने दुसरा मार्ग घेतला. नाल्याकडचं तोंड जुन्यापेक्षा सुमारे 40 सेंटिमीटर वर धरलं. तिथून गल्लीच्या तोंडापर्यंत अंतर साधारण 300 मीटर, आणि उतार पाचशेला एक. म्हणजे गल्लीपाशी गटाराचा तळ नाल्याकडच्या तोंडापेक्षा 60 सेंटिमीटर वर हवा. हा हिशोब बरोबरच होता. पण सुरुवातच 40 सेंटिमीटर वरून झाली होती, त्यामुळे गल्लीपाशीही तळ जुन्या गटारापेक्षा तेवढाच, सव्वा फूट, वर आला. गल्लीचं गटार मात्र जुन्याच पातळीला येऊन भिडत होतं. सर्वेक्षण रस्त्याच्या मधल्या रेषेचं झालं होतं, आणि तेही उन्हाळ्यात. बाजूच्या गल्ल्यांच्या पातळ्या घेतल्याच नव्हत्या.

ताईंनी मला एकदा तिथे नेलं. पाऊस थांबून तास झाला होता. गल्लीत पाणी पोटरीच्या वर होतं, बायका उंबऱ्यावर बसून तांब्याने पाणी बाहेर टाकत होत्या, आणि चार पावलांवरच्या नव्या गटाराचं झाकण उचललं तर आत तळाला जेमतेम बोटभर पाणी. एका म्हाताऱ्या कोळ्याने जाळ्याची काठी आधी गल्लीच्या गटारात उभी केली, ओल कुठवर आली तिथे अंगठा धरला, मग तीच काठी नव्या गटारात उतरवली. "बघा साहेब," एवढंच म्हणाला. पातळी चुकली आहे हे ओळखायला याहून वेगळं यंत्र लागत नाही. नवं गटार कोरडं आणि बाजूची गल्ली तुंबलेली असेल, तर दोष गाळाचा नसतो, तळाचा असतो.

हे काम स्थायी समितीत आलं असतं तर चूक नक्की टळली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण प्रभागातला कनिष्ठ अभियंता त्या गल्लीचं पाणी वीस वर्षं पाहत होता. महापालिकेच्या कामात अंदाज त्याच्या टेबलावरून जातो. कंपनीच्या कामात तो सल्लागाराकडून थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेला. त्या कनिष्ठ अभियंत्याला या कामाची पहिली बातमी मिळाली ती रस्त्यावर जेसीबी उभा राहिला तेव्हा.

प्रश्न "निरंक" झाल्यावर ताईंनी लक्षवेधी दिली. महापौरांनी ती स्वीकारली. प्रशासनाने पुन्हा तेच सांगितलं, फक्त आयुक्त उभे राहून म्हणाले की कंपनीला कळवण्यात येईल. सभागृहात गोंधळ झाला, कारण कंपनीच्या 15 संचालकांपैकी 6 जण त्याच सभागृहातले होते: महापौर, स्थायी समिती सभापती, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते आणि आणखी दोन सदस्य. मागच्या बाकांवरून आवाज आला, "मग तुम्हीच सांगा ना!"

ते सांगू शकले नाहीत, आणि त्यांची अडचण मला खरी वाटते. संचालक म्हणून त्यांच्यापुढे हा विषय आलाच नव्हता, कारण काम मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खर्चमर्यादेत बसत होतं. मंडळाची विषयपत्रिका कंपनीचं कार्यालय बनवतं. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका कायद्याने व्हाव्या लागतात, आणि आमच्याकडे त्याहून फारशा जास्त होत नसत. बैठक बंद दाराआड होते. शिवाय कंपनी कायद्याप्रमाणे संचालकाने कंपनीच्या हिताला जागायचं असतं. सभागृहात तोच माणूस मतदारांच्या बाजूने उभा असतो. सभापती मला बाहेर म्हणाले, "तिथे मी सहीपुरता, आणि इथे मला आरोपीसारखं उभं करतात." सहा खुर्च्या मिळाल्याने सभागृहाचा अधिकार टिकला नाही. सहा माणसं सभागृहातून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली, आणि त्या खोलीत पंधरांत नऊ अधिकारी व नेमलेले सदस्य होते.

भागधारक म्हणून तरी महापालिकेला विचारता येईल का, हेही ताईंनी चाचपून पाहिलं. निम्मे शेअर आपले, मग वार्षिक सभेत प्रश्न मांडू. पण वार्षिक सभेत महापालिकेच्या वतीने बसतात आयुक्त. सभागृहाने त्यांना काय बोलायचं हे ठरवून दिलं पाहिजे, तसा ठराव आमच्याकडे कधी झालाच नव्हता. भागभांडवलाचे पैसे अंदाजपत्रकात एकाच ओळीत येत: "स्मार्ट सिटी कंपनीस भागभांडवल." स्थायी समिती ती ओळ मंजूर करी. रस्ता, गटार, कॅमेरे, नियंत्रण कक्ष, सगळं त्या एका ओळीच्या पोटात. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी ओळ असे आणि प्रत्येक ओळीवर कोणीतरी हरकत घेऊ शके.

अडीच महिन्यांनी मंडळाच्या बैठकीनंतर उत्तर आलं: काम मंजूर आराखड्यानुसार झालं आहे. ते खरंही होतं, आराखडाच चुकला होता. ठेकेदाराचा करार कंपनीशी होता, त्यामुळे त्याचं देयक रोखणं किंवा दोष दायित्व कालावधीत दुरुस्ती करून घेणं महापालिकेच्या हातात नव्हतं. शेवटी गल्लीचं पाणी काढलं महापालिकेनेच. प्रभाग निधी आणि थोडी इतर तरतूद जोडून जुन्या नाल्यापर्यंत वेगळी पाइपलाइन टाकली आणि तोंडाला झडप बसवली. त्यासाठी नवा फूटपाथ आडवा कापावा लागला. त्यावर ठेकेदाराने कंपनीला पत्र दिलं की, आमच्या कामात दुसऱ्या यंत्रणेने खोदाई केल्यामुळे त्या भागाची हमी आमच्यावर राहत नाही. पत्राची प्रत आमच्याकडे आली. दोन्ही खर्च शेवटी एकाच शहराने केले.

याच काळात मला नवी मुंबईची आठवण वारंवार येई. तिथल्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर 2015 मध्ये एसपीव्हीला विरोध करून स्मार्ट सिटीचा प्रस्ताव फेटाळला होता. निवडून आलेल्या सभागृहाचे अधिकार कंपनीकडे जातील, हेच त्यांचं कारण होतं. तेव्हा त्याला पक्षीय राजकारण म्हटलं गेलं, आणि राजकारण त्यात होतंच: महापालिकेत एक पक्ष, राज्यात दुसरे. पण त्या शहराची जडणघडण पाहिली तर विरोध केवळ त्यातून आला असं म्हणता येत नाही. नवी मुंबई उभारली सिडकोने, आणि सिडको 1970 साली कंपनी म्हणूनच स्थापन झाली. महापालिका आली 1992 मध्ये, आणि पहिली निवडणूक झाली 1995 साली. जमीन मात्र सिडकोच्याच हाती राहिली. मैदान हवं, शाळा हवी, मार्केट हवं, तर महापालिकेला सिडकोकडे भूखंड मागावा लागे. शहराचा कारभार आपल्याकडे, शहराची जमीन कंपनीकडे, ही स्थिती तिथले नगरसेवक पिढी न पिढी अनुभवत होते. विशिष्ट कामासाठी म्हणून काढलेली यंत्रणा काम संपल्यावर आपोआप बाजूला होत नाही, हे त्यांना कोणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या नकाराची किंमतही त्यांनी मोजली. नवी मुंबई अभियानातून बाहेर पडली आणि तिच्या जागी पुढे पिंपरी-चिंचवड आली. 500 कोटींचा केंद्राचा हिस्सा गेला. नवी मुंबईचं पालिका उत्पन्न भक्कम आहे, म्हणून तिला हे परवडलं. आमच्यासारख्या शहराला ते परवडलं असतं का, याचं उत्तर मी आजही ठामपणे देत नाही. होकार देणं चूक होती असं मला वाटत नाही. अटी कंपनीच्या कागदावर न उतरवता होकार दिला, ही चूक होती.

नंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं, पण परिणाम फार खोल झाला. कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या महापालिकांच्या मुदती 2020 ते 2022 दरम्यान एकामागून एक संपल्या. नवी मुंबईची मे 2020 मध्ये, कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर 2020 मध्ये, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. आधी करोना, मग प्रभागरचना आणि आरक्षणाचे खटले, असं होत निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. सर्वसाधारण सभाही तेच, स्थायी समितीही तेच. आमच्या कंपनीतल्या सहा लोकप्रतिनिधींचं नगरसेवकपद संपलं, तसं संचालकपदही गेलं. मंडळात फक्त अधिकारी आणि नेमलेले सदस्य उरले. माझ्या विभागाला त्या वर्षांत एकही प्रश्नोत्तराचा तास लिहावा लागला नाही. ठराव व्हायचे. सूचक कोण, अनुमोदक कोण, या जागी फक्त प्रशासकांची सही असे.

आणि नेमक्या याच काळात स्मार्ट सिटीची कामं संपत आली. दोनदा-तीनदा मुदतवाढ मिळून अभियान 31 मार्च 2025 रोजी बंद झालं. कंपनीने बांधलेलं सगळं महापालिकेकडे हस्तांतरित करायचं होतं. एका बाजूने कंपनी मालमत्ता देणार, दुसऱ्या बाजूने महापालिका घेणार, आणि घेणाऱ्याच्या बाजूला सभागृहच नव्हतं. हस्तांतरणात खरी गोष्ट असते ती पुढच्या खर्चाची. कॅमेऱ्यांचं जाळं, नियंत्रण कक्षाचं वीजबिल, सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क, रस्त्यावरचे विशेष दिवे ज्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. हा खर्च उभारणीच्या निधीत नव्हता. तो आता मालमत्ता कराच्या पैशातून दरवर्षी जाणार. ज्या सभागृहाने या वस्तू निवडल्या नाहीत त्याच्याच अंदाजपत्रकात त्या कायमच्या बसल्या.

निवृत्तीआधी माझ्या टेबलावरून गेलेल्या शेवटच्या मोठ्या कागदांपैकी एक ती हस्तांतरणाची यादी होती. कोळीवाड्याचा रस्ता त्यात होता: लांबी, रुंदी, दिव्यांची संख्या, बाकांची संख्या, गटाराची लांबी. गटाराच्या तळाची पातळी नव्हती. महापालिकेने टाकलेली पाइपलाइन आणि झडप कंपनीची नसल्याने यादीत नव्हती, आणि महापालिकेच्या जुन्या नोंदवहीतही नव्हती, कारण ते काम "तातडीची दुरुस्ती" म्हणून झालं होतं. झडप दर पंधरवड्याला साफ करावी लागते. ती साफ करणारा मुकादम स्वतःहून तिथे जातो, कारण त्याची सासुरवाडी त्याच गल्लीत आहे. मी यादीच्या समासात पेन्सिलीने झडपेची जागा लिहिली, बाजूला 2019 च्या लक्षवेधीचा क्रमांक घातला, आणि फाइल शहर अभियंत्यांकडे पाठवली. नव्या सभागृहात निवडून आलेल्या त्या प्रभागाच्या सदस्यांना मी तो क्रमांक फोन करून सांगितला आहे. त्यांनी तो लिहून घेतला आणि विचारलं, "कंपनीची नियमावली कुठे मिळेल?"